हाकामारीला ओ देताना: एका भयकथेची घरच्यांसाठी पटकथा

रात्री दाराबाहेरून कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारतं. आवाज ओळखीचा असतो. पहिल्या हाकेला ओ दिली, दार उघडलं, की माणूस संपला. म्हणून रात्री तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. हाकामारीची ही गोष्ट थोड्याफार फरकानं बहुतेकांनी ऐकलेली असते. कर्नाटकात याच जातीच्या भुतासाठी दारावर 'नाळे बा' म्हणजे 'उद्या ये' असं लिहून ठेवायची पद्धत होती. रोज येणारं भूत रोज तेच वाचून परत जातं. मला तर या उपायातच निम्मी विनोदी पटकथा दिसते.

आजीपासून सहा वर्षांच्या नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून पाहावी अशी बारा मिनिटांची भुताची फिल्म लिहायची असेल, तर हाकामारी सरावाला उत्तम आहे. तिच्यात भुताला एक नियम आहे. नियम असला की प्रेक्षक मोजत बसतो आणि मोजत बसलेला प्रेक्षक जागचा हलत नाही. खाली मी हीच गोष्ट उलटी करत नेलेली आहे. तुमची गोष्ट वेगळी असली तरी कामाचा क्रम हाच ठेवा.

आधी मूळ गोष्ट पाच ओळींत मांडा

पटकथेला हात लावण्याआधी मूळ गोष्ट पाच वाक्यांत कागदावर उतरवा आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहा: इथे भीती कशाची आहे? हाकामारीत माझ्या यादीत चार गोष्टी आल्या. बाहेर कोण आहे ते कळत नाही. तिला माझं नाव माहीत आहे. ती माझ्या माणसाच्या आवाजात बोलते. आणि शेवटी मरण आहे.

आता यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं? नवखा लेखक पहिल्यांदा 'कोण आहे ते कळत नाही' हे टाकतो. त्याला वाटतं, भूत लवकर दाखवलं, गोंडस दाखवलं की मुलं घाबरणार नाहीत. मुलं घाबरत नाहीत हे खरं, पण तिसऱ्या मिनिटाला उठूनही जातात. न कळणं हाच उत्कंठेचा सगळा माल आहे, तो ठेवायचा. मरण टाकायचं. आणि आपल्या माणसाचा खोटा आवाज तर सगळ्यात आधी टाकायचा.

हे मी एकदा चुकून शिकलो. माझ्या पहिल्या खर्ड्यात रक्त नव्हतं, सुळे नव्हते, किंकाळी नव्हती, फक्त दाराबाहेर आईच्या आवाजात हाक येत होती आणि आई मात्र आत झोपलेली होती. मोठ्यांना ती जागा फार आवडली. सहा वर्षांचा भाचा मात्र त्यानंतर दोन रात्री आईला 'तू खरी आहेस ना?' विचारत होता. अगदी लहान मुलांना धोका तर्कानं मोजता येत नाही. दिसतं काय, ऐकू येतं काय आणि ओळखीचं माणूस अचानक बदलतं का, यावर त्यांची भीती उभी असते. आठ-दहा वर्षांच्या मुलांचं उलटं असतं. विद्रूप चेहऱ्याला ती हसतात, पण 'हे आपल्या घरी होऊ शकेल' अशी गोष्ट त्यांना जागं ठेवते. एकाच सोफ्यावर दोन्ही वयं बसणार असतील तर खोटी आईही नको आणि उघडं राहिलेलं दारही नको.

राहता राहिलं नाव. तिला माझं नाव कसं माहीत? ही कथेतली सगळ्यात चांगली चीज आहे. ती टाकायची नाही, तिचं उत्तर शोधायचं.

भुताला काय हवं आहे?

भयकथेतल्या भुताला सूड हवा असतो किंवा जीव हवा असतो. या दोन्ही गोष्टी देता येत नाहीत, म्हणून शेवटी मांत्रिक आणावा लागतो. घरच्यांच्या गोष्टीतल्या भुताला असं काहीतरी हवं, जे नऊ वर्षांच्या मुलीला देता येईल. लहान, नेमकं आणि थोडं वेडगळ.

हाकामारीला काय हवं असेल? मी खूप फिरलो. तिचं मूल हरवलं असेल, असं बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं. ते सोडून द्या. हरवलेलं मूल म्हटलं की गोष्ट दुःखात बुडते आणि प्रेक्षकांतल्या मुलांना आपणच हरवल्यासारखं वाटतं. मग लक्षात आलं की हाक मारणाऱ्याला खरं म्हणजे एकच गोष्ट हवी असते: ओ. आणि गावानं नेमकं तेच न देण्याचा नियम केलेला आहे! म्हणजे हाक थांबत नाही याचं कारण तो नियमच आहे.

एवढं हाती लागलं की जागा शोधायची. कोकणात नद्या-खाड्यांवर पूल व्हायच्या आधी 'तर', म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालायची. माणूस काठावर उभा राहून पलीकडच्या होडीवाल्याला, म्हणजे तारीला, हाक मारायचा: 'ओ ताऽऽरीऽऽ'. मग आमच्या मुलीचं नाव तारा ठेवलं. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून आजोळी आलेली, वय वर्षं नऊ. रात्री पाण्यावरून येणारी 'तारीऽ' ही हाक तिला 'तारेऽ' अशी ऐकू येते. भुताला तिचं नाव माहीतच नाही. ते आपलं जन्मभर होडीची वाट बघतंय, आणि तर बंद होऊन तिथे पूल झालाय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

इथे एक पथ्य पाळा. भूत मेलं कसं, हे सांगू नका. 'बुडाली' हा एक शब्द आला की पुढची सगळी फिल्म त्या पाण्यावर तरंगत राहते. आमची म्हातारी बाजारातून उशिरा यायची आणि शेवटची होडी चुकवायची, एवढं पुरतं. मूल विचारेलच, 'मग ती मेली कशी?' आजीनं सांगावं, 'म्हातारी होऊन, तिच्या घरात.'

मांत्रिकाला सुट्टी द्या

मूळ भयकथांत भगत येतो, धूप घालतो, झपाटलेल्या बाईला मारतो. हे दृश्य विनोदी करूनही ठेवू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी पटकथेचं नुकसान असतं: तोडगा बाहेरून आलेला माणूस काढतो आणि मुलगी बघत राहते. तोडगा तारानंच काढायला हवा.

पण मुलगी अनोळखी हाकेमागे एकटी अंधारात जाते असंही लिहू नका. प्रेक्षकांत बसलेले आईबाप त्या क्षणी गोष्टीतून बाहेर पडतात आणि त्यांचं बरोबर असतं. तारा दोनदा पडवीतूनच ऐकते. तिसऱ्यांदा ती धक्क्यावर जाते तेव्हा आजी सोबत असते, कंदील आजीच्या हातात असतो. त्यानं उत्कंठा कमी होईल असं वाटतं, पण होत नाही. कारण प्रश्न 'तारा वाचेल का?' हा नाहीच. प्रश्न आहे 'पलीकडे कोण आहे आणि तिला काय हवंय?'

तीन हाका कुठे ठेवायच्या

बारा मिनिटांत तीन हाका. माझ्या मांडणीत पहिली दुसऱ्या मिनिटाला येते, दुसरी पाचव्या आणि तिसरी नवव्या. मधल्या जागेत तारा शोध घेते: दिवसा धक्क्यावर जाते, शेवाळलेल्या पायऱ्या पाहते, होडी बांधायचं लोखंडी कडं पाहते, दुकानदाराला विचारते. दिवसाची दृश्यं मुद्दाम हवीत. दोन रात्रींमध्ये एक लख्ख दुपार आली की लहान मुलांचा श्वास मोकळा होतो आणि मोठ्यांना धागेदोरे मिळतात. आकडे पाळलेच पाहिजेत असं नाही. पण पहिली हाक तिसऱ्या मिनिटाच्या पुढे ढकलू नका आणि शेवटची दोन-तीन मिनिटं हाकेनंतरच्या गोष्टीला ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची युक्ती. भयपटात प्रत्येक हाक जवळ येते: पहिली नदीपलीकडे, दुसरी अंगणात, तिसरी कानाशी. जवळ येणं म्हणजे भीती. आपण हाक तिथेच ठेवायची, नदीपलीकडे, आणि दर वेळी ती थोडी स्पष्ट करायची. पहिल्यांदा नुसता स्वर, 'आऽऽएऽऽ' सारखा, ज्यात ताराला आपलं नाव ऐकू येतं. दुसऱ्यांदा 'ताऽऽर' एवढं स्पष्ट, शेवट वाऱ्यात गेलेला. तिसऱ्यांदा पूर्ण शब्द. अंतर तेवढंच राहतं, अर्थ जवळ येतो. पटकथेत हे शब्दांत लिहा: 'हाक. तितक्याच लांबून. या वेळी शेवटचं अक्षर ऐकू येतं.' नाहीतर ध्वनीवाला सवयीनं आवाज वाढवत नेईल.

दचकवणं टाळायचा नियम सोपा आहे. चित्र बदलणं आणि आवाज मोठा होणं या दोन गोष्टी एकाच क्षणी होऊ देऊ नका. मांजर उडी मारणार असेल तर मांजर आधी दिसू द्या. रात्रीच्या प्रत्येक चौकटीत एक तरी उबदार उजेड असू द्या, कंदील, चूल, नाहीतर लांबचं खिडकीतलं पिवळं तावदान. आणि संगीत? हाकेच्या आसपास नकोच. रातकिडे पुरेत. संगीत प्रेक्षकाला घाबरायची आज्ञा देतं आणि मुलं ती आज्ञा निमूट पाळतात.

संगीताऐवजी एखाद्या मोठ्या माणसाचे हात वापरा. आमची आजी अडकित्त्यानं सुपारी कातरत बसते. दृश्य असं:

दृश्य 3. बाह्य. पडवी. रात्र.

(लाईट गेलेली. खुंटीला कंदील. आजी सुपारी कातरतेय. कट्, कट्. तारा पायरीवर.)

(नदीपलीकडून, फार लांबून हाक. शब्द कळत नाही.)

(अडकित्ता थांबतो. रातकिडे चालूच.)

तारा: आजी… माझं नाव घेतलं कुणीतरी.

आजी: पयल्या हाकेक ओ देव नये.

तारा: आणि दुसऱ्या?

आजी: दुसऱ्या पण नाय.

तारा: तिसऱ्या?

आजी: तिसरी कोणी आयकूकच नाय. तवसर सगळे निजतत.

(अडकित्ता पुन्हा सुरू. कट्, कट्.)

अडकित्ता थांबला तेव्हा घर थांबलं, सुरू झाला तेव्हा पुन्हा चालू लागलं. दुसऱ्या हाकेला तो थांबतच नाही, असं लिहिलं आहे. आजी घाबरलेली नाही हे प्रेक्षकाला न सांगता कळतं आणि त्याच वेळी एक नवा प्रश्न उभा राहतो: आजीला काही माहीत आहे का? भीती खाली येताना उत्कंठा वर जाते ती अशी. दुसरं, आजीची मालवणी जपून वापरली आहे. पुण्या-नागपूरच्या मुलाला वाक्य संदर्भानं कळलं पाहिजे. कळत नसेल तर सोपं करा.

उलगडा आणि हसू

विनोद कुठे ठेवायचा यावर बऱ्याच पटकथा फसतात. हाकेच्या आधी विनोद केला तर ताण सुटतो आणि मग हाक वाया जाते. भूत दर मिनिटाला घसरून पडत असेल तर ते भूत नाही, सर्कशीतला विदूषक आहे. हसू उलगड्याच्या नंतर आलं पाहिजे, म्हणजे ते सुटकेचं हसू होतं.

दृश्य 9. बाह्य. जुना धक्का. रात्र.

(आजीच्या हातात कंदील. ताराचा हात आजीच्या पदराला. पलीकडच्या काठावर एक बारीक उजेड. आधी तो प्रेक्षकाला दिसतो, मग ताराला.)

हाक: (तितक्याच लांबून, पूर्ण स्पष्ट) ओ ताऽऽरीऽऽ!

तारा: आजी, ती तारे नाही म्हणत. तारी म्हणतेय.

(आजी पायरीवर बसते.)

आजी: सोनूआत्या. बाजारातसून नेहमी उशीर करी.

तारा: होडी कुठाय पण?

आजी: होडी खंयची? पूल झालो तेव्हाच बंद झाली.

(तारा दोन्ही हात तोंडाभोवती धरते.)

तारा: ओऽऽ! तर बंद झाली! पूल झालाय! पुलावरून ये!

(शांतता. उजेड हलत नाही.)

हाक: …खंय?

तारा: डावीकडे!

आजी: तिची डावी की आपली?

तारा: तुझ्या उजवीकडे!

(उजेड हलतो. काठाकाठानं पुलाकडे जाऊ लागतो.)

बघा, उजेड आधी प्रेक्षकाला दिसतो. पात्राच्या एक पाऊल पुढे असलेला प्रेक्षक दचकत नाही, तो वाट बघतो. तारानं 'ओ' दिल्यानंतरची शांतता मोठी ठेवा. वाचताना मी मनात पाच मोजतो. नियम मोडलाय, आता काय? आणि उत्तर येतं 'खंय?'. एवढ्या एका शब्दावर आजवर प्रत्येक वाचनात लोक हसले आहेत.

भुताचा चेहरा मी दाखवलेला नाही. उजेड पुलावर चढतो, मधोमध येतो, अलीकडे उतरतो आणि गावाकडच्या पाणंदीत झाडांआड जातो. तो धक्क्याकडे वळत नाही. लहान मुलांच्या दृष्टीनं हे फार मोलाचं आहे. भूत आपल्याकडे येत नाही, ते आपल्या घरी जातंय.

शेवटचं दृश्य दुसऱ्या रात्रीचं. तीच पडवी, तोच अडकित्ता. तारा कान देऊन बसते. हाक येत नाही. 'पोचली असतली,' आजी म्हणते. इथे थांबा. शेवटच्या चौकटीत पुन्हा एक हाक, खिडकीत सावली, असा झटका द्यायचा मोह प्रत्येकाला होतो. भयपटाला तो शोभतो. इथे त्यानं बारा मिनिटांत मिटवलेलं सगळं पुन्हा उघडतं आणि रात्री मुलाला पाणी प्यायला उठवत नाही. 'हे सगळं स्वप्न होतं' हाही शेवट नको. त्यानं भीती जात नाही, फक्त गोष्ट खोटी पडते.

वाचून पाहा, आणि प्रश्न ऐका

पानं मोजून लांबी ठरवू नका. देवनागरीत टाइप केलेलं पान आणि पडद्यावरचं मिनिट यांचा मेळ टंकानुसार बदलतो. घड्याळ लावून, शांततेसकट, मोठ्यानं वाचा. माझा पहिला खर्डा कागदावर दहा मिनिटांचा वाटत होता, शांतता धरून साडेतेरा झाला. मग दुकानदाराचं एक दृश्य कापलं.

वाचन दोन मुलांसमोर करा, एक सहाच्या आसपासचं आणि एक नऊ-दहाचं, आणि एखादी खरी आजी असेल तर उत्तम. शेवटी 'आवडलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. वाचताना मध्ये थांबा आणि ती काय विचारतात ते ऐका. 'मग? कोण होतं?' असं विचारलं तर उत्कंठा आहे. 'ती घरात येणार नाही ना?' असं विचारलं तर भीती आहे, आणि ती नेमकी कोणत्या ओळीवर आली ते समासात टिपा. पुढे सरकून बसणं चांगलं, कान झाकणं वाईट. मांडीवर येऊन बसलं पण डोळे तुमच्याकडेच असतील, तर ती जागा तशीच राहू द्या. तिथेच तुमची पटकथा काम करतेय.

भीतीची जागा सापडली की दृश्य काढून टाकायची घाई करू नका. बहुतेक वेळा एक गोष्ट बदलली तरी पुरतं: आवाजाचं अंतर, उजेड, किंवा सोबतचं माणूस. माझ्या दुसऱ्या हाकेच्या दृश्यात तारा एकटी माजघरात होती. भाचीनं कान झाकले. तिला फक्त पडवीत आणलं, आजी तीन हातांवर. संवाद तेच, हाक तीच. पुढच्या वाचनात तीच भाची म्हणाली, 'आजीला माहितीये, सांगत नाहीये.'

फिल्म चित्रपटगृहासाठी किंवा ओटीटीवर द्यायची असेल तर वयाच्या वर्गवारीचाही विचार लिहितानाच करा. चित्रपटांसाठी 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए चे 7+, 13+ आणि 16+ असे भाग झाले आहेत आणि ओटीटीवरही याच वयांच्या पायऱ्या आहेत. सहा वर्षांच्या मुलानंही पाहावी असं खरंच वाटत असेल तर तुमचं लक्ष्य यू हे आहे. वर्ग देणारे देतील तो देतील, पण तिसऱ्या हाकेचं दृश्य लिहिताना सोफ्यावर सगळ्यात लहान कोण बसलंय हे तुम्हाला माहीत हवं.